होस्टेल आणि सासवड, दोघांचा निरोप एकाच कॅप्शनमध्ये

माझं घर सासवडला आणि कॉलेज पुण्यात, शिवाजीनगरच्या बाजूला. अंतर तीसेक किलोमीटरच, पण मध्ये दिवे घाट आणि हडपसरची गर्दी. सकाळच्या प्रॅक्टिकलला घरून वेळेत पोचणं जमेना म्हणून होस्टेल घेतलं आणि डिग्री होईपर्यंत तिथेच राहिले. आता बंगळूरला नोकरी लागली आहे. निघायच्या आधी इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकायची होती. फोटो लगेच निवडून झाले, कॅप्शन मात्र बरेच दिवस झालं नाही. ते कसं जुळत गेलं ते लिहिते. माझ्या बऱ्याच मैत्रिणी सध्या याच टप्प्यावर आहेत.

पहिला प्रश्न होता की एक पोस्ट करायची की दोन. होस्टेलचा निरोप वेगळा, गावाचा वेगळा. होस्टेलची पोस्ट वाचणार रूममेट, ज्युनिअर आणि वर्गातली मुलं. गावाची पोस्ट वाचणार आत्या, मावशा आणि शाळेतल्या मैत्रिणी. एकीला दुसरीतलं अर्धं कळणार नाही. लातूरची माझी रूममेट म्हणाली, "दोनच कर, सोपं पडेल." तसं करून पाहिलं, तर दोन्ही मजकूर पोकळ वाटले. 'चार वर्षं कशी गेली कळलंच नाही', 'या भिंतींनी खूप काही शिकवलं', 'आठवणींची शिदोरी घेऊन निघतेय.' यातली प्रत्येक ओळ मनापासून आलेली होती, तरी ती माझी वाटत नव्हती.

मग मी एक कसोटी लावली. मजकुरातलं कॉलेजचं आणि गावाचं नाव बोटाने झाकायचं आणि विचारायचं की ही पोस्ट नागपूरची किंवा नाशिकची मुलगी जशीच्या तशी टाकू शकेल का. टाकू शकत असेल तर ती ओळ काढायची. या कसोटीत माझ्या जवळजवळ सगळ्या ओळी गेल्या. उरली ती पालखीची.

दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी रूममेट ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर हडपसरपासून सासवडपर्यंत चालत गेलो होतो. पुण्यातला मुक्काम संपला की पालखी दिवे घाट चढते आणि सासवडला दोन रात्री थांबते. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, ते आम्ही अगदी जवळून पाहिलं. माझं कॉलेज ज्या शहरात आणि माझं घर ज्या गावात, त्या दोघांना जोडणारा हाच रस्ता. मला वाटलं, कॅप्शन सापडलं. 'वारकऱ्यांच्या वाटेने घरी जाणारी मी' असा मजकूर लिहूनही झाला. दोन दिवसांनी पुन्हा वाचला तेव्हा जाणवलं की यात पालखी खूप मोठी आहे आणि आम्ही चौघी त्यात दिसतच नाही. त्या रस्त्याने दरवर्षी लाखो लोक चालतात. वारी माझ्यासाठी फार मोलाची आहे, म्हणूनच आपल्या नोकरीच्या पोस्टला तिचा टेकू द्यावासा वाटेना. घाटातला फोटो ठेवला, मजकूर काढला.

उत्तर मिळालं ते डब्याच्या पिशवीत. पुण्यातल्या बहुतेक मेसप्रमाणे आमचीही मेस रविवारी रात्री बंद असे. दुपारी गोडधोड, रात्री सुट्टी. मी शनिवारी घरी गेले की रविवारी संध्याकाळच्या बसने परत यायचे आणि आई चौघींना पुरेल एवढा डबा द्यायची. स्टीलचा चार पुडांचा डबा, वर जुन्या साडीच्या कापडाची गाठ. खालच्या पुडात रस्साभाजी ठेवायची नाही, कारण घाटातल्या वळणांवर तेल झिरपतं. म्हणून कोरडी भाजी खाली, पोळ्या वर आणि चटणी वेगळ्या डबीत. उन्हाळ्यात अंजिराचा मिठा बहर हाती येऊ लागला की वरच्या पुडात अंजिराची पानं घालून अंजीर. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, नाव मोठं आहे, पण पिकलेल्या अंजिराला बसचा एक धक्काही सोसत नाही. म्हणून तो डबा सासवडपासून स्वारगेटपर्यंत मांडीवरच असायचा.

हे लिहिताना लक्षात आलं की घर आणि होस्टेल एकत्र यायचं ते याच एका जेवणात. आईने माझ्या रूममेटना मोजक्या वेळा पाहिलं असेल, पण धुळ्याचीला तिखट लागतं आणि चिपळूणची वांगं खात नाही हे तिला पाठ होतं. दोन पोस्टचा प्रश्न तिथेच मिटला.

आता लिहिण्यातल्या अडचणी. फीडमध्ये कॅप्शनच्या साधारण पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचं more वर बोट ठेवल्यावर उघडतं. एकूण मर्यादा 2,200 कॅरेक्टर्सची, ती मला सहज पुरली असती. खरी अडचण वरच्या तुकड्याची, साधारण सव्वाशे कॅरेक्टर्सची. मराठीत ती आणखी आखूड होते, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंत हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'होस्टेल' डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं, मोजणीत सात भरतं. माझ्या आधीच्या मजकुरात पहिली ओळ 'आज मन भरून आलंय, काय लिहावं सुचत नाही' अशी होती. बरीच जागा तिनेच खाल्ली असती आणि वाचणाऱ्याला काहीच कळलं नसतं. म्हणून डबा आणि मेस थेट पहिल्या ओळीत आणले.

दुसरी अडचण शेवटाची. मराठीत जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य 'यायचो, बसायचो, हसायचो' असं संपतं. चार ओळींत त्याची लय इतकी एकसुरी होते की वाचणारा पुढे सरकतो. मी अशी दोनच क्रियापदं ठेवली आणि बाकीची बरीच वाक्यं आजच्या काळात आणली. आईला हे सगळं पाठ 'होतं' असं लिहिलं होतं, ते 'आहे' केलं, कारण ते तिला अजूनही पाठ आहे. एवढ्या बदलाने वाक्य जिवंत झालं.

मजकूर घरी वाचून दाखवला ते बरंच झालं. आधी शेवटी 'होस्टेलला अखेरचा निरोप' असं होतं. आजीने लगेच हात वर केला. "अगं, अखेरचा काय म्हणतेस, नोकरीला चाललीस ना तू?" तिचं बरोबर होतं. काळ्यापांढऱ्या फोटोखाली ती ओळ श्रद्धांजलीच्या फलकासारखी दिसली असती. ओळ गेली आणि फोटोही रंगीत ठेवला.

टायपिंगचं एक सांगते, कारण ते अनेकांच्या पोस्टमध्ये खटकतं. 'वारकऱ्यांच्या', 'पायऱ्या', 'दुसऱ्या' यांतला र साधा नसतो. मराठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलंत, मग य. साधा र घेतला तर 'पायर्या' असा रफार वर जातो आणि शब्द वेगळाच वाचला जातो. माझ्या कॅप्शनमध्ये 'पायऱ्या' आहे, तो पोस्ट करण्याआधी मोठा करून पाहिला.

काही गोष्टी मुद्दाम टाकल्या नाहीत. खोलीचा नंबर नाही, कारण तिथे लवकरच दुसऱ्या मुली राहायला येतील. निघायची तारीख आणि गाडी नाही. ऑफर लेटरचा फोटोही नाही, त्यावर पगार आणि पत्ता असतो आणि तो कोणी कशासाठी वापरेल ते सांगता येत नाही. मेसच्या काकूंचा फोटो मला हवाच होता, तेव्हा आधी त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "हा नको, घामाघूम दिसतेय." मग त्यांनी स्वतः ओट्यापाशी उभं राहून दुसरा काढून घेतला. तो जास्त छान आलाय.

शेवटी टाकलेलं कॅप्शन असं:

"रविवारी रात्री मेस बंद असायची, तेव्हा आमच्या खोलीत सासवडचा डबा उघडायचा.

पोळ्या चौघींच्या मापाने. धुळ्याचीला तिखट हवं, चिपळूणची वांगं खात नाही आणि लातूरची शेवटची पोळी कोणाला देत नाही, हे माझ्या आईला अजून पाठ आहे.

स्वारगेटपासून खोलीपर्यंत डबा माझ्याकडे आणि होस्टेलच्या पायऱ्या चढताना तो घ्यायला तुम्ही तिघी खाली. मला कधीच तो एकटीने वर न्यावा लागला नाही.

काकू, सोमवार ते रविवार दुपार तुमची होती. पिठलं तुमच्याइतकं कोणालाच जमत नाही, आईलाही मी हे सांगितलंय.

नोकरीसाठी बंगळूरला निघालेय. आई, बाबा, आजी, अंजिराच्या दिवसांत सुट्टी काढून येतेय. तिघींनो, तुम्हीही सासवडला या, डबा इथेच उघडू."

पोस्ट टाकल्यावर आत्याचा फोन आला. तिला होस्टेलमधलं कोणी माहीत नाही, तरी लातूरची कोण ते तिने फोटोवरून बरोबर ओळखलं. धुळ्याचीने खाली लिहिलं की तिखटाचं श्रेय तिच्या आईलाही द्यायला हवं, कारण ठेचा तिकडून यायचा. हे खरंच राहिलं होतं. टाकलेलं कॅप्शन नंतर बदलता येतं, म्हणून दुसऱ्या परिच्छेदात 'धुळ्याचा ठेचा सोबतीला' एवढे शब्द घातले.

आणखी एक मजकूर मी कॅप्शनमधून काढून पहिल्या कमेंटमध्ये ठेवला होता. गादी, बादली, कपड्यांची दोरी आणि टेबललॅम्प होस्टेलवरच सोडून जातेय, ज्युनिअरपैकी ज्यांना हवं त्यांनी रेक्टर मॅडमना विचारून घ्यावं. संध्याकाळपर्यंत लॅम्प आणि बादली गेली. गादीसाठी पहिल्या वर्षाच्या दोघींनी विचारलंय. त्यातली एक गडचिरोलीहून येतेय आणि सामान फार आणू शकत नाही, म्हणून तिला द्यायचं ठरवलं आहे.