धार विटाळते का?

«मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या एसीन पंथाच्याच ना? मग त्या सदूकींच्या होत्या असं काहीजण का म्हणतात?»

एसीन, सदूकी आणि परुशी हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुद्यांचे तीन पंथ. जुन्या हस्तलिखितांच्या या गुंडाळ्या बहुतेक एसीनांच्याच. पण सदूकी म्हणणाऱ्यांकडे एक खणखणीत पुरावा आहे, आणि तो आहे ओतण्याच्या धारेचा.

सोवळ्यातल्या तांब्यातून ओवळ्या भांड्यात पाणी ओतलं, तर खालचा विटाळ धारेवरून चढून वरच्या तांब्याला लागतो का? परुशी म्हणत, नाही लागत. अपवाद फक्त घट्ट मधासारख्या पदार्थांचा. त्यांच्यातल्या शम्माय घराण्याने त्यात कडधान्याची दाट लापशीही धरली, कारण ओतताना ती मागे ओढली जाते. मिश्ना हा यहुदी नियमांचा ग्रंथ इ. स. २००च्या सुमाराचा, त्यात सदूकी परुश्यांवर तक्रार करतात, की तुम्ही धार शुद्ध धरता! म्हणजे सदूकींच्या मते धार विटाळते.

आता मृत समुद्राकाठच्या कुमरानची चौथी गुहा, १९५२ साली सापडलेली. तिथे एका पत्रवजा लेखनाच्या सहा प्रतींचे तुकडे मिळाले. जुळवाजुळव इतकी किचकट होती की रीतसर प्रकाशन १९९४मध्ये झालं. त्यात लेखक विरोधकांशी वादाचे मुद्दे मांडतो, आणि धारेचा मुद्दा येतो तेव्हा सरळ सांगतो: धारेने शुद्ध-अशुद्ध वेगळं होत नाही, वरचं आणि खालचं पाणी एकच. हे मत थेट सदूकींचं. शुद्धीच्या राखेसाठी लाल गाय जाळण्याच्या विधीतही मत सदूकींचंच: विधी करणाऱ्याने स्नानानंतर सूर्यास्ताची वाट पाहावी, असं हे लेखन म्हणतं. परुशी याच मताला इतके विरोधात, की मिश्नानुसार ते याजकाला मुद्दाम विटाळवत, स्नान घालत आणि सूर्यास्ताआधीच कामाला लावत.

मग सदूकीच का म्हणू नये? कारण विटाळाचे नियम जुळले म्हणून श्रद्धा जुळत नाहीत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो, सदूकी दैव मानत नाहीत, एसीन मात्र सगळं दैवाच्या हाती सोपवतात. पहिल्या गुहेतली पंथाची नियमावली म्हणते, जे आहे आणि जे होईल ते सगळं ज्ञानाच्या देवापासून येतं. शिवाय तिथे नव्याने येणाऱ्याची काही वर्षं परीक्षा होते, आणि मग त्याची मालमत्ता समाजाच्या मालमत्तेत मिसळते. हे योसेफसच्या एसीन-वर्णनाशी जुळतं, आणि रोमन लेखक प्लिनीने एसीनांची वस्ती मृत समुद्राच्या पश्चिमेलाच सांगितली आहे.

मला पटणारा उलगडा असा: दोघांनी याजकांचं जुनं शास्त्र सांभाळलं होतं. नियमावलीत अधिकार 'सादोकाच्या पुत्रांना', म्हणजे सादोक या जुन्या याजकाच्या वंशजांना आहे, आणि सदूकी हे नाव बहुधा त्याच सादोकावरून आलेलं. मंदिरातल्या कारभारात सदूकी टिकून राहिले. कुमरानवाले बाहेर पडले. त्या पत्रातच म्हटलंय, 'आम्ही लोकसमुदायापासून वेगळे झालो आहोत.'