‘भरपूर द्रव पदार्थ’ म्हणजे नेमके किती? नवऱ्याच्या डेंग्यूतला माझा अनुभव

नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी नाही, रोज रक्ततपासणी. हे सगळं व्यवस्थित लिहून दिलं होतं. खाण्यापिण्याबद्दल मात्र एकच ओळ: ‘भरपूर द्रव पदार्थ, हलका आहार’. भरपूर म्हणजे किती आणि पोटात ठरतच नसेल तर काय, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलासुद्धा. त्या ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

कारण गाडी अडली ती तिथेच. ताप उतरला आणि घरातले सगळे निवांत झाले. डेंग्यूत खरी काळजी इथून पुढचे एक-दोन दिवस घ्यायची असते. या काळात रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर, पण त्याच रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असं लिहिलेला आकडा असतो. तो चढतोय का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आणि नेमकं तेव्हाच याच्या पोटात काही टिकेना. ग्लासभर पाणी प्यायला की उलटी. त्यात सासूबाईंनी पपईच्या पानांचा रस काढला. इतका कडू, की आधी प्यायलेलंही बाहेर आलं. शेजारून किवी आल्या. माया कळते हो, पण त्या रसाने किंवा किवीने डेंग्यू बरा होतो याला पक्का आधार नाही आणि मळमळणाऱ्या माणसाला कडू रस पाजणं म्हणजे छळच.

शेवटी नर्स असलेल्या नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, “वहिनी, ग्लास ठेवून दे, चमचा घे.” दोन चमचे पाजायचे, पाच मिनिटं थांबायचं, परत दोन चमचे. तासभर उलटी झाली नाही की अर्धा कप. मी १०० मिलीचा एक कप ठरवून टाकला आणि प्रत्येक कपाला कॅलेंडरच्या मागे एक रेघ मारली. दिवसाचं लक्ष्य दोन ते अडीच लिटर, सगळं धरून. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.) ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, जास्त-कमी नाही, वर साखरही नाही. उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. मधूनमधून मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक, एखादं शहाळं. नुसत्या शहाळ्यांवर राहू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमी असतं, म्हणून पेजेतलं मीठ लागतंच.

पुरेसं पोटात जातंय का, हे लघवीवरून कळतं. दर चार-सहा तासांनी आणि फिकट रंगाची व्हायला हवी. तशी होईना, उलट्या थांबेनात, पोटात जोरात दुखायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस गळून झोपाळला, तर स्वयंपाकघर सोडा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे सलाईन लागतं.

मळमळ ओसरल्यावर पुढचं सोपं गेलं. फोडणीचा वास सहन होत नव्हता म्हणून आधी मुगाचं कढण: मूठभर मूग मऊ शिजवून, घोटून, मीठ, जिरेपूड, वरून लिंबू. पहिल्यांदा गाळून दिलं, नंतर चोथ्यासकट, कारण प्रथिनं चोथ्यातही असतात. चिकन सूपचंही तेच. नुसतं पाणी पाजून भागत नाही, शिजलेलं चिकन बारीक तोडून त्यात घालायला हवं. अंडं कडक उकडून, मऊ भातात काट्याने कुस्करून, वर मीठ-मिरपूड. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि तोंड कडू असलं तरी ते घशाखाली उतरतं. मऊ भातावर मेतकूट, सोबत दही, हे तर त्याने स्वतःहून मागितलं.

मग एका संध्याकाळी स्वारी म्हणाली, “काहीतरी चमचमीत कर ना.” मला इतकं हायसं वाटलं! वडे नाही केले, पण थालीपीठ-दही दिलं, अर्धंच. भूक परतली तरी थोडं थोडं, दोन-अडीच तासांनी. आणि इथून पुढे पाण्याची सक्ती बंद. झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येतं, लघवी आपोआप वाढते, मग तहान लागेल तेवढंच पुरे.

हो, एक राहिलंच. बीट, कलिंगड, कोकम सरबत असलं लाल काही त्या आजारपणात देऊ नका. उलटी लाल झाली की ते रक्त आहे की सरबत, हे ओळखता येत नाही.