पैसे एकदा, डबे दोनदा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी साडेनऊला पंचवटीतल्या फराळवाल्या काकूंचा फोन आला. त्यांची वेबसाइट आमच्या ऑफिसने बनवलीये आणि पेमेंटचा भाग माझा. काकू म्हणाल्या, "अगं, चिवडा पुरत नाहीये, आणि पॅकिंगच्या मावशी म्हणतायत एकाच नावाची दोन दोन लेबलं निघतायत, सिडकोतल्या एका बाईंना काल दोन डबे गेले, त्यांनीच फोन करून सांगितलं."

मी ऑनलाइन पैसे जमा करणाऱ्या गेटवेचा डॅशबोर्ड उघडला. त्या बाईंचं पेमेंट एकच होतं, 1,450 रुपये. म्हणून मी काकूंना सांगून टाकलं की गेटवेकडून काहीतरी गडबड असेल, मी बघते. हे मी लॉग न बघता बोलले आणि ते चूक होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पैसे एकदाच कापले गेले होते म्हणून बँकेचा हिशोब रोज जुळत होता, पैशांबद्दल ग्राहकाची तक्रार नव्हती, गेटवेच्या रिपोर्टमध्ये काही दिसत नव्हतं. फरक फक्त मालात पडत होता. म्हणजे त्या बाईंनी फोन केला नसता आणि मावशींनी लेबलं वाचली नसती तर आम्हाला दिवाळी झाल्यावर कळलं असतं. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि आमच्या सगळ्या मॉनिटरिंगच्या आधी त्यांनी पकडलं, हे मी ऑफिसमध्ये सगळ्यांना मुद्दाम सांगितलंय.

मग मी ही क्वेरी मारली:

```sql
SELECT payment_id, COUNT(*), MIN(created_at), MAX(created_at)
FROM orders
GROUP BY payment_id
HAVING COUNT(*) > 1;
```

612 ऑर्डरींमध्ये 41 जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडीतल्या दोन वेळांमध्ये अंतर पाच ते नऊ सेकंदांचं. ते अंतर बघूनच माझ्या पोटात गोळा आला. कारण ग्राहकाने घाईत बटण दोनदा दाबलं असतं तर पेमेंट आयडी दोन वेगळे असते, आणि इथे आयडी एकच होता. म्हणजे ऑर्डर दोनदा बनवणारा आमचाच कोड होता.

काय होत होतं ते सांगते. पैसे जमा झाले की गेटवे आपल्या सर्व्हरला एक निरोप पाठवतो, `payment.captured` नावाचा, तोच वेबहुक. आपण ठरलेल्या वेळात 200 असं उत्तर दिलं नाही तर गेटवे समजतो की निरोप पोचला नाही आणि पुन्हा पाठवतो. आमच्या गेटवेची वाट बघायची मर्यादा पाच सेकंद. तो पुन्हा पाठवतो हे बरोबरच आहे, नाहीतर नेट गेलं की ऑर्डर कायमची हरवेल. पण याचा अर्थ एकच निरोप दोनदा येऊ शकतो हे धरूनच कोड लिहायचा असतो.

मी ते धरलं होतं, पण अर्धवट. निरोप आला की आधी बघायचं, या पेमेंट आयडीची ऑर्डर आहे का, नसेल तर पुढे जायचं. पुढे म्हणजे बिलाची पीडीएफ, मग कुरिअरकडून लेबल, मग व्हॉट्सअॅप मेसेज, आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर सेव्ह, कारण लेबलचा नंबर त्याच ओळीत लिहायचा होता. एरवी हे सगळं दोन सेकंदांत व्हायचं. दिवाळीच्या गर्दीत कुरिअरचा सर्व्हर मंदावला आणि तेच काम आठ, दहा, कधी पंधरा सेकंदांवर गेलं. पहिला निरोप अजून कुरिअरची वाट बघत थांबलेला, तेवढ्यात दुसरा आला, त्याने बघितलं, ऑर्डर नाही, तोही निघाला. टेस्टिंगमध्ये हे कधीच दिसलं नाही कारण तिथे कुरिअर आणि व्हॉट्सअॅप दोन्ही बंद ठेवलेले.

आणि कुरिअरच्या एपीआयमध्ये तर यावर इलाज होता. मागणीसोबत `Idempotency-Key` ही ओळखीची खूण पाठवली, तर तीच की परत आल्यावर ते नवीन लेबल बनवत नाहीत, जुनंच परत देतात. आम्ही ती पाठवतही होतो. फक्त ती कशी बनत होती ते बघा:

```php
$key = Uuid::uuid4()->toString();
```

ही ओळ लेबल मागणाऱ्या फंक्शनच्या आत होती. म्हणजे प्रत्येक वेळी नवीन की, म्हणजे कुरिअरच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवीन मागणी. डॉक्युमेंटेशनच्या उदाहरणात असंच होतं आणि आमच्याकडे ते तसंच उचललं गेलं. की त्या कामावरून बनायला हवी, दर मागणीला नवी नाही. आता ती `label-` आणि पुढे पेमेंट आयडी अशी आहे, कितीही वेळा मागा, तीच.

आमचे सीनियर म्हणाले, सोपं आहे, दहा मिनिटांत तोच फोन नंबर आणि तीच रक्कम आली तर दुसरी ऑर्डर अडव. मी ठाम नाही म्हटलं. दिवाळीत लोक एक डबा घरी आणि तसाच दुसरा पुण्याला लेकीकडे पाठवतात, लागोपाठ, एकाच मोबाइलवरून. मी यादी काढून दाखवली, अशा अकरा खऱ्या ऑर्डरी होत्या. मग ते म्हणाले, प्रत्येक निरोपाचा जो इव्हेंट आयडी असतो त्यावर युनिक लाव, म्हणजे तोच आयडी डेटाबेस दुसऱ्यांदा घेणार नाही. तेही पुरत नाही, कारण त्याच पैशांसाठी गेटवे `order.paid` असाही निरोप पाठवू शकतो आणि त्याचा इव्हेंट आयडी वेगळा असतो. उद्या कोणी डॅशबोर्डवर तो टिक केला की पुन्हा तेच.

म्हणून `payment_id` वर युनिक लावलं आणि ऑर्डर सगळ्यात आधी सेव्ह करायची असं केलं. दोन निरोप एकदम आले तरी डेटाबेस एकालाच आत घेतो, दुसऱ्याला आम्ही नुसतं 200 देतो. युनिक लगेच लागत नव्हतं कारण जुन्या जोड्या टेबलात होत्या, त्या आधी काढायला रात्रीचे अकरा वाजले. तोवर काकू आणि मावशी न गेलेल्या डब्यांतली जादा लेबलं हाताने बाजूला काढत होत्या.

इथे मी घाई केली. ऑर्डर आधी सेव्ह होत होती, पण लेबलचं काम अजून त्याच रिक्वेस्टमध्ये होतं. 23:47 ला मी एक छोटा बदल चढवला, सर्व्हर रीस्टार्ट झाला, आणि नेमकी त्याच क्षणी एक ऑर्डर सेव्ह होऊन लेबलच्या आधी तुटली. गेटवेने निरोप पुन्हा पाठवला, कोडने बघितलं, ऑर्डर आहे, 200. त्या ऑर्डरचं लेबल कधी बनलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते काम वेगळं काढलं. आता वेबहुक फक्त ओळ लिहितो आणि उत्तर देतो, आणि मागे चालणारा एक वर्कर प्रोग्राम दर मिनिटाला `label_id IS NULL` असलेल्या, "पूर्ण" नसलेल्या ऑर्डरी उचलून लेबल मागतो. की तीच राहते म्हणून तो बिनधास्त पुन्हा पुन्हा मागू शकतो. पण मधल्या वेळात मी ती 23:47 ची ओळ हाताने "पूर्ण" करून ठेवली होती, आधी काढलेल्या जोड्यांतलीच ती उरलेली वाटली म्हणून, त्यामुळे वर्करने ती उचलली नाही.

तो डबा धुळ्याच्या एका आजोबांनी नाशिकरोडच्या बहिणीसाठी मागवला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. काकूंनी त्याच दुपारी स्वतः रिक्षाने डबा नेऊन दिला, पैसेही परत केले. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या निरोपासमोर अजूनही हिरवी टिक आहे.