यांच्याकडे सण आहे ना?

दुपारी डबा खाऊन खुर्चीत जरा टेकलो, तर फोनवर ओळीने पणत्या. पहिली कागदवाल्याची, दुसरी विमावाल्याची, तिसरी कुणाची ते कळेना, कारण चित्राखाली भलत्याच दुकानाचं नाव राहून गेलं होतं. मेल उघडला तर तिथेही तेच. ‘प्रिय ग्राहक, दिव्यांच्या या मंगल पर्वावर आपणांस व आपल्या परिवारास...’ पुढचं तुम्हाला पाठ आहे. पणतीवर माझा राग नाही. ‘प्रिय ग्राहक’वर आहे. उधारीचा एक दिवस वर गेला की जो नावानिशी फोन करतो, त्याला नेमकं दिवाळीतच माझं नाव आठवू नये?

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत माझा छपाईचा गाळा आहे. लेबलं, खोकी, पाकिटं. त्याआधी वडिलांचा छापखाना होता गिरगावात, लग्नपत्रिका आणि बिलबुकांचा. छापखाना घरचा, पण गिऱ्हाइकांसाठी शुभेच्छापत्र त्यांनी कधी छापलं नाही. १५ पैशांची पोस्टकार्डं आणायचे आणि रात्री जेवणं झाली की हाताने लिहायला बसायचे. कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं काम माझ्याकडे. ते वाळायच्या आत वर दुसरं कार्ड ठेवलं की ओरडा ठरलेला.

मजकूर छोटाच. नमस्कार, शुभेच्छा आणि मग एक ओळ अशी, की ती फक्त त्याच माणसाला लिहिता यावी. ‘पत्रिकेवरचा गणपती तुम्ही म्हणालात तसा वर घेतला, आता सगळे तसाच मागतात.’ एवढंच. मध्येच लेखणी थांबायची आणि आत हाक जायची, “अगं, यांच्याकडे सण आहे ना?” त्या वर्षी कुणी गेलेलं असलं तर आईला नेमकं माहीत असायचं. मग ते कार्ड बाजूला. त्या घरी भाऊबीज उलटल्यावर बिनकुंकवाचं साधं पत्र जाई, तब्येतीची विचारपूस करणारं.

मी मेल पाठवतो. गिऱ्हाइकं शंभराच्या आतबाहेर, त्यामुळे प्रत्येकाला सुटा मेल टाइप करणं काही होत नाही. एक्सेलच्या यादीत नावापुढे दोन रकाने केलेत, ‘सण’ आणि ‘ओळ’. बाकीचा मजकूर सगळ्यांना सारखा, ही ओळ मेल मर्ज ज्याची त्याच्या मेलात बसवतं. सगळे पत्ते एकाच मेलाला जोडून पाठवणारे अजून आहेत, आणि त्यांच्या कृपेने मला दोन स्पर्धकांची अख्खी गिऱ्हाईकयादी घरबसल्या मिळाली आहे. बीसीसीत पत्ते झाकले जातात खरे, पण मग नाव घालता येत नाही आणि गाडी पुन्हा ‘प्रिय ग्राहक’वर येते.

ऑक्टोबर २०२५मध्ये लालबागच्या एका पापडवाल्या ताईंना गेलेला मेल हा असा:

विषय: दिवाळीच्या शुभेच्छा आणि आमच्या सुट्टीचे दिवस

नमस्कार ताई,
तुम्हाला आणि तुमच्याकडे लाटायला येणाऱ्या सगळ्याजणींना दिवाळीच्या शुभेच्छा.
जूनमध्ये पाकिटाचा पिवळा रंग ठरवताना तुम्ही डब्यात घालून पापडच गाळ्यावर आणलात. मशीनवरची मुलं आता त्या शाईला ‘पापड पिवळा’च म्हणतात.
आमचा गाळा मंगळवार २१ ते गुरुवार २३ ऑक्टोबर बंद राहील. कागदवाला लाभपंचमीनंतर, सोमवारी २७ला उघडेल आणि छठला गावी गेलेले कारागीर त्यानंतर परततील. म्हणून नवं काम सोमवार ३ नोव्हेंबरपासून पूर्ण वेगाने सुरू होईल. मधल्या दिवसांत काही अडलं तर माझ्या मोबाइलवर फोन करा, मी मुंबईतच आहे.

खाली माझं नाव. पणती नाही. चित्र घातलं तर कंपन्यांच्या मेलात ते पुष्कळदा दिसतच नाही, नुसती रिकामी चौकट येते, आणि शुभेच्छा चित्रातच लिहिलेल्या असल्या की संपलंच.

यातला सुट्टीचा भाग कोरडा वाटतो, पण माझ्या मते अर्धा जिव्हाळा तिथेच आहे. भाऊबीज झाली की प्रेस सुरू झाली असं गिऱ्हाईक धरून चालतं. प्रेस उघडतेही, पण कागद नसतो, कागद आला तर ऑपरेटर छपऱ्याच्या गाडीत असतो. हे आधी सांगितलं की ताई लग्नसराईची पाकिटं वसुबारसेआधीच मंजूर करून टाकतात. म्हणून मेल आठवडाभर आधी, सोमवारी सकाळी जातो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मेल कोण वाचतंय? आणि तारखेबरोबर वार लिहायचाच. २०२५ला अमावास्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली ती २१च्या संध्याकाळपर्यंत होती. कुणी २०ला पूजा केली, आपल्याकडच्या बहुतेक कॅलेंडरांत २१ होती. ‘लक्ष्मीपूजनाला बंद’ म्हणजे नक्की कधी, यावर फोनाफोनी झाली असती.

‘ओळ’ मात्र सगळ्यात वेळखाऊ. ती दुसऱ्या कुणाच्या मेलात चालण्यासारखी वाटली की मी खोडतो. ‘आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल’ वगैरे तर लगेच. जुनी बिलं आणि जॉबकार्डं उलगडून बसलं की काहीतरी सापडतं, आणि ते शक्यतो त्यांनी केलेलं असावं, आपण काय दिवे लावले ते नव्हे. एका औषध कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांना मेल इंग्रजीत जातो, खात्याच्या सामायिक पत्त्यावर, जो चारपाच जण उघडतात. तिथे मुलीच्या लग्नाचा विषय काढायचा नाही, माहीत असला तरी. ऑगस्टमध्ये खोक्याचं प्रूफ त्यांनी त्याच संध्याकाळी तपासून परत पाठवलं आणि माल वेळेत निघाला, एवढंच लिहिलं. तो मेल त्यांचे साहेबही वाचतात, हे काय मला ठाऊक नाही? ज्याच्याबद्दल काहीच सुचत नाही, त्याला ओळीशिवाय मेल जातो. खोटी ओळ लगेच ओळखू येते.

आमचा हिशेबनीस दरवर्षी न चुकता विचारतो, “साहेब, खाली थकबाकीची एक आठवण टाकू?” दरवर्षी नाही म्हणतो. ती आठवण लाभपंचमीनंतर स्वतंत्र जाते आणि तिच्यात शुभेच्छा नसतात.

‘सण’ रकान्यासाठी आई आता नाही. मग मीच दसऱ्यानंतर यादी घेऊन बसतो, डिलिव्हरीवाल्या पोरांना विचारतो. त्यांना सगळं कळलेलं असतं, कुणाच्या दुकानात फोटोला हार लागला ते. त्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं की मर्ज ते नाव गाळतं. सुट्टीचे दिवस त्यांनाही कळवायला हवेतच, ते मी फोन करून सांगतो. फोनवर आधी थोडा वेळ दोघंही कागदाच्या भावाबद्दलच बोलतो.

उत्तरं फारशी येत नाहीत. बरेच जण उलट एक पणती पाठवतात. पापडवाल्या ताईंचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ‘तुम्हालाही शुभेच्छा. पिवळा तोच ठेवा. दहा हजारांचा भाव कळवा, मागच्यापेक्षा कमी.’