तुम्ही विचारलंत म्हणून: ०.५२८ हा आकडा नक्की कुठल्या दाबाचा?

“सर, चोकिंगसाठी बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या ०.५२८ पटीपेक्षा खाली जावा लागतो ना? मग तुमच्या नोझलमध्ये बाहेरचा दाब जेमतेम सात टक्क्यांनी कमी असताना प्रवाह चोक कसा झाला?”

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, आणि विचारणाऱ्याला मी कधीच दोष देत नाही, कारण नोकरीच्या सुरुवातीला याच गैरसमजापायी मी एका चाचणी-बाकासाठी गरजेपेक्षा कितीतरी मोठा निर्वात पंप मागवायला निघालो होतो. चोकिंग म्हणजे बाहेरचा दाब आणखी कमी केला तरी नोझलमधून जाणारा प्रवाह न वाढणे, आणि त्यासाठी ०.५२८ हा आकडा बरोबर आहे. मात्र तो बाहेरच्या दाबाचा नसून नोझलच्या गळ्यातल्या, म्हणजे सर्वांत अरुंद छेदातल्या, दाबाचा आहे. नुसत्या निमुळत्या होत जाणाऱ्या नोझलमध्ये गळा हाच शेवट असतो, आणि वेग ध्वनिवेगापेक्षा कमी असेपर्यंत तिथला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. त्यामुळे दोन्ही दाब एकच आहेत असे वाटू लागते. गळ्यापुढे रुंदावत जाणारा भाग जोडला की हे दोन दाब वेगळे होतात.

एक ठरावीक नोझल घेऊन हिशेब करू. टाकीत १० बार निरपेक्ष दाबाची, ३०० केल्विन तापमानाची हवा आहे. गळ्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि निर्गमाचे, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडाचे, २ चौरस सेंटिमीटर आहे. घर्षण नाही, उष्णतेची देवघेव नाही, म्हणजेच प्रवाह आयसेंट्रॉपिक आहे असे धरू. हवेसाठी विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर γ = १.४ घेतले, तर क्रांतिक दाब गुणोत्तर, म्हणजे गळ्यात ध्वनिवेग गाठला जातो तेव्हाचा तिथला दाब p* आणि टाकीतला दाब p0 यांचे गुणोत्तर, असे मिळते:

```
p*/p0 = (2/(γ+1))^(γ/(γ-1)) = 0.528
```

म्हणजे ज्या क्षणी गळ्यातली हवा तिथल्या ध्वनिवेगाने धावू लागते, त्या क्षणी गळ्यातला दाब ५.२८ बार असतो. त्या वेळी गळ्यातले तापमान २५० केल्विनपर्यंत उतरलेले असते आणि तिथला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ३१७ मीटर असतो.

आता बाहेरचा दाब हळूहळू कमी करू. तो ९.८ बार असताना गळ्यातला दाब ९.१४ बार असतो आणि सेकंदाला ०.१३५ किलोग्रॅम हवा जाते. बाहेरचा दाब ९.५ बारवर आणला की गळ्यातला दाब ७.३६ बारपर्यंत कोसळतो आणि प्रवाह ०.२१० होतो. इथे क्षणभर थांबून हे आकडे पुन्हा पाहावेत, असे मी आवर्जून सांगतो: बाहेर फक्त ०.३ बारचा फरक पडला आणि गळ्यात पावणेदोन बारहून अधिक. बाहेरचा दाब ९.३७ बारला पोहोचतो तेव्हा गळ्यातला दाब ५.२८ बार झालेला असतो, प्रवाह ०.२३३ किलोग्रॅमवर पोहोचतो, आणि नोझल चोक होते.

याचे कारण रुंदावणाऱ्या भागात आहे. ध्वनिवेगापेक्षा कमी वेगाची हवा रुंदावत्या मार्गात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. गळ्यात गमावलेला दाब हवा पुढच्या भागात बराचसा परत मिळवते, म्हणून निर्गमाला ९.३७ बार दिसत असतानाच गळ्यात ५.२८ बार असू शकतात. चोक होण्याची बाहेरची मर्यादा त्यामुळे निर्गम आणि गळा यांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावर ठरते. आपल्या नोझलमध्ये हे गुणोत्तर २ आहे म्हणून ती ०.९३७ आली.

बाहेरचा दाब आणखी उतरवला तरी प्रवाह का वाढत नाही, हे दोन बाजूंनी समजून घेता येते. गळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरमधून किती वस्तुमान जाते हे घनता आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. हवा पसरत जाते तसा वेग वाढतो आणि घनता घटते; ध्वनिवेगापर्यंत वेगाची वाढ घनतेच्या घटीवर मात करते, त्यापुढे घनतेची घट वरचढ ठरते. म्हणून हा गुणाकार ध्वनिवेगालाच कमाल असतो. दुसरी बाजू अशी, की बाहेरचा दाब बदलल्याची वार्ता हवेतून ध्वनिवेगानेच मागे येते, आणि गळ्यातली हवा त्याच वेगाने समोरून येत असल्यामुळे ती वार्ता टाकीपर्यंत पोहोचतच नाही. सां-व्हेनां आणि वान्ट्झेल या फ्रेंच अभ्यासकांनी १८३९ मध्ये मांडलेल्या वायुप्रवाहाच्या सूत्रात गळ्याच्या दाबाऐवजी बाहेरचा दाब घातला, तर निर्वातात जाणारा प्रवाह शून्य येतो. हे उत्तर उघडच असंभव आहे, आणि त्यामागची चूक आपल्या प्रश्नातलीच आहे.

चोक झाल्यावर पुढे काय घडते, हेही पाहू. बाहेरचा दाब ८ बार केला की गळ्यानंतर हवा ध्वनिवेग ओलांडते, साधारण १.३ चौरस सेंटिमीटर छेदापाशी तिची माख संख्या, म्हणजे तिथल्या ध्वनिवेगाच्या पटीत मोजलेला वेग, १.६६ होते आणि तिथे आघाततरंग, म्हणजे दाब एकदम उसळवणारा पातळ थर, उभा राहतो. त्यातून जाताना हवेची एन्ट्रॉपी वाढते आणि साकळित दाब, म्हणजे हवा कोणत्याही हानीविना थांबवली तर मिळेल तो दाब, १० वरून सुमारे ८.७४ बारवर येतो. आयसेंट्रॉपिक सूत्रे तरंगाच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळी लागू पडतात, पण तरंग ओलांडून एका दमात लावता येत नाहीत. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गुण इथेच जातात. बाहेरचा दाब ५.१३ बारपर्यंत उतरला की तरंग सरकत निर्गमाच्या तोंडाशी येतो, आणि नोझलचा संपूर्ण प्रवाह तरंगाविना, अभिकल्पाप्रमाणे चालावा तर तो दाब ०.९४ बार असावा लागतो. या सगळ्या प्रवासात गळ्यातले ५.२८ बार आणि सेकंदाला ०.२३३ किलोग्रॅम हे दोन आकडे हलत नाहीत.

चोक झालेला प्रवाह वाढतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. टाकीतला दाब २० बार केला, तर प्रवाह दुप्पट होतो. टाकीतली हवा तापवून निरपेक्ष तापमान चौपट केले, तर तो निम्म्यावर येतो. गोठतो तो फक्त बाहेरच्या दाबाचा प्रभाव. याच गुणामुळे अशा नोझल वायुप्रवाहाच्या मोजमापात प्रमाण म्हणून वापरतात, आणि त्यांच्यासाठी ISO 9300 हे स्वतंत्र मानक आहे. केवळ वरच्या बाजूचा दाब आणि तापमान मोजले, की आदर्श सूत्राला नोझलच्या प्रवाह-गुणांकाने गुणून प्रवाह काढता येतो.

प्रत्यक्ष नोझलमध्ये ९.३७ बारवर भरवसा ठेवून चालत नाही. भिंतीलगतच्या थरातले घर्षण दाबाची परतफेड अपुरी ठेवते, आणि भिंती फार झपाट्याने रुंदावत असतील तर प्रवाह भिंतीपासून सुटतो. त्यामुळे खरी मर्यादा आणखी खाली असते. लहान गळ्याच्या नोझलमध्ये, रेनॉल्ड्स संख्या कमी असताना, म्हणजे घर्षणाचा प्रभाव तुलनेने मोठा असताना, अपेक्षेपेक्षा लवकर चोक सुटल्याचेही आढळते. म्हणून माझी पद्धत साधी आहे: टाकीतला दाब आणि तापमान स्थिर ठेवायचे, बाहेरचा झडप थोडा अधिक उघडायचा आणि प्रवाहमापकाकडे पाहायचे. काटा हलला, तर नोझल चोक झालेली नाही, मग कागदावरचे गुणोत्तर काहीही सांगो. माझ्या त्या जुन्या बाकावर हीच तपासणी केली तेव्हा मोठ्या पंपाची मागणी मी त्याच दिवशी मागे घेतली.