अडीच गुण

आज राज्यसेवा पूर्वपरीक्षेची अंतिम उत्तरतालिका आली. पहिली आली तेव्हा पेन्सिलने केलेल्या खुणा पुन्हा उघडून बसलो. पहिल्या पेपरात ८८ प्रश्न सोडवले होते, ५३ बरोबर, ३५ चूक. बरोबरला २, चुकीला अर्धा वजा, म्हणजे ८८.५. आता एका प्रश्नाचं उत्तर बदललंय. माझं बरोबर होतं ते चूक ठरलं. दोन गुण गेले आणि वर अर्धा कापला, म्हणजे एका गोलामागे अडीच. झाले ८६. दुसऱ्या पेपरची, म्हणजे सीसॅटची काळजी नाही, त्यात ३३ टक्के लागतात आणि ते होतात.

कट-ऑफ अजून लागलेला नाही. त्यामुळे मुख्यचा अभ्यास करायचा की पुढच्या पूर्वचा, हे ठरत नाही. चौथ्या वर्षीही हा मधला काळच जास्त छळतो. पुस्तक उघडं असतं, पण कोणतं उघडायचं तेच कळत नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय रे, लागला का?" निकाल आणि उत्तरतालिका यांतला फरक मी त्यांना तीनदा समजावलाय. आज नाही समजावला. नुसतं "अजून नाही" म्हणालो. ८८.५ हा आकडा मात्र त्यांना आधीच सांगून बसलोय, तेवढी चूक झाली. ८६ कधी सांगायचा?

अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरच्याशी दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो. त्याचाही तोच प्रश्न चुकलाय. बराच वेळ आम्ही त्या प्रश्नावरच भांडलो. बरं वाटलं.