बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

ट्रॅफिकमध्ये गाडी तापायची म्हणून मागच्या वेळी रेडिएटरचा पंखा चालू करणारा थर्मोस्विच नवा लावून ‘सुटलो एकदाचा’ असं इथे लिहिलं होतं. ते शब्द गिळतो. बुधवारी संध्याकाळी सिंहगड रोडला राजाराम पुलाच्या अलीकडे अडकलो, एसी चालू, आणि तापमानाची सुई पुन्हा चढली. कंडेन्सरचा पंखा फिरतोय, रेडिएटरचा मात्र गप्प. एसी बंद करून गाडी थोडी पळाल्यावर सुई खाली.

घरी येऊन इग्निशन चालू ठेवलं आणि स्विचच्या कनेक्टरची दोन टोकं वायरने जोडली. पंखा भर्रकन सुरू. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज ठीक. मग नवा स्विच दोन आठवड्यांत मेला? जुना डब्यात होताच, तोच पातेल्यातल्या पाण्यात तापवला, मल्टीमीटर लावून. ९५ अंशांना बीप आली, ९० च्या आसपास गेली. जुना ठणठणीत निघाला, नव्याचे पैसे पाण्यात. (पातेलं आता गॅरेजचं. कूलंट विषारी, आणि आईने ते तसंही परत घेतलं नसतं.)

सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंटच्या बाटलीत लेव्हल मिन-मॅक्सच्या मधोमध आणि रेडिएटरच्या आत कूलंट दिसतच नव्हतं! पाऊण लिटर मावलं.

माझ्या इंजिनात स्विच वरच्या अंगाला, थर्मोस्टॅटपाशी आहे. लेव्हल उतरली की तिथे हवा साठते. स्विचचं टोक गरम कूलंटऐवजी हवेत राहतं, त्याला खरं तापमान कळत नाही आणि पंखा लागत नाही. हायवेला वारा निभावून नेतो. ट्रॅफिकमध्ये वारा नाही, वर कंडेन्सरची सगळी ऊब पुढून रेडिएटरवर. नवा स्विच दोन आठवडे का चालला तेही उमगलं: लावताना सांडलेलं कूलंट मी वरून भरलं होतं. आयडलला हीटर गार हवा फेकायचा, ती खूण होती, मी दुर्लक्ष केलं.

आता बाटली भरलेली कशी? झाकणापासून बाटलीकडे जाणारी बारीक रबरी नळी गळ्यापाशी चिरलेली, खाली वाळलेला हिरवा डाग. गरम झालं की तिथून थोडं गळायचं, थंड होताना बाटलीतल्या कूलंटऐवजी चिरेतून हवा ओढली जायची.

फूटभर नळी आणि नवं झाकण टाकलं. झाकणात कंजुषी करू नका, स्वस्तातल्याची स्प्रिंग लवकर ढिली पडते. मग गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, पंखा दोनदा लागेपर्यंत बुडबुडे काढले. बाटलीवर मार्करची रेघ मारली. संध्याकाळी लेव्हल रेघेच्या दोन बोटं वर, सकाळी परत रेघेवर. मी दोनदा जाऊन बघून आलो.

डॅशखाली पंख्याचं हातबटण बसवणार होतो, तो बेत रद्द. बटणाने हा दोष झाकला गेला असता. त्यापेक्षा कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवरून वेगळा रिले घेऊन एसीबरोबर दोन्ही पंखे लावावेत का? पण आयडलला अल्टरनेटर दोघांना पुरतो का, ते आधी हेडलाइट लावून व्होल्टेज मोजून बघतो.